‘वाकवू नका’चं ‘वाकवून का’ होतंय ते बघा

> ऑटो कॅप्शन लावलं की झालं ना? वेगळं काय करायचं?

नाही होत भाऊ. मी परभणीत जिमचे रील करायलोय, डेडलिफ्टच्या व्हिडिओत बोललो होतो ‘पाठ वाकवू नका’ आणि खाली आलं ‘पाठ वाकवून का’, आता आवाज बंद ठेवून बघणाऱ्यानं काय समजावं? आमच्या एका ताईंना कमी ऐकू येतं, त्यांनीच विचारलं, सर पाठ वाकवायची का म्हणून. पाठीचा प्रश्न आहे हा, लई वाईट वाटलं.

तेव्हापासून पोस्ट करायच्या आधी ‘नका’, ‘नाही’ आणि आकडे हातानं तपासतो, आवाज बंद करून फोनवरच एकदा पूर्ण बघतो. वाक्य लांब असलं तर तोडतो, एका वेळी दोनच ओळी, आणि सूचना हालचाल सुरू व्हायच्या थोडी आधी आणतो, नाहीतर माणूस वाचेपर्यंत वजन वर गेलेलं असतं. अन् अगदी तळाला ठेवू नका, तिथं रीलवर नाव अन् माहिती येते, त्याखाली अक्षरं झाकतात. पायांवरही नको, पाय कुठं ठेवायचे तेच तर दाखवायलोय. शिट्टीवर थांबायचं असेल तर ‘शिट्टी – थांबा’ असंही लिहा, ते ऑटोमध्ये येत नाही.