रब्बी ज्वारीच्या प्रयोगाचं पोस्टर: काय ठेवू, काय काढू? (सोलापूर)

कोरडवाहू_एमएस्सी:
पुढच्या आठवड्यात सोलापुरात विद्यार्थ्यांची कृषी परिषद आहे आणि माझं पोस्टर निवडलं गेलंय. आकार ए-झिरो, उभा. प्रयोग मोहोळ तालुक्यात भारी जमिनीत, मालदांडीवर केला. सात पुनरावृत्ती, धान्य हेक्टरी क्विंटलमध्ये: नेहमीची मशागत १०.९, सरी-वरंबा १३.५, सपाट वाफे १४.२. सीडी १.६. सध्या शीर्षक आहे 'रब्बी ज्वारीच्या उत्पादनावर मूलस्थानी जलसंधारण पद्धतींचा परिणाम'. खाली प्रस्तावना, साहित्य व पद्धती आणि नऊ रकान्यांचा तक्ता. सर म्हणतात, गर्दी फार झालीय. काय काढू?

छपाईवाला_दादा:
शीर्षकात निष्कर्षच लिही. 'सपाट वाफे सर्वोत्तम, उत्पादन ३० टक्के जास्त'. लांबून लोक तेच वाचतात. मागं गडद हिरवा रंग घे, शेतीचं पोस्टर वाटलं पाहिजे.

मोहोळची_ताई:
शीर्षकात निष्कर्ष हवा, हे दादांचं बरोबर. पण 'सर्वोत्तम' लिहू नकोस. वाफे आणि सरी-वरंबा यांच्यात फरक ०.७ चा आणि तुझी सीडी १.६. म्हणजे दोन्ही ॲट पार. परीक्षक पहिलं बोट तिथंच ठेवतील. मशागतीच्या तुलनेत मात्र दोन्ही सरस आहेत, २.६ आणि ३.३ ने. तेवढंच म्हण: 'पावसाचं पाणी रानातच अडवलं, ज्वारी हेक्टरी अडीच ते सव्वातीन क्विंटल वाढली'.

तक्ता काढ. तीन स्तंभांचा एक आलेख पुरे, वाफे आणि सरी-वरंब्यावर एकच अक्षर 'अ', मशागतीवर 'ब'. ज्याला कळतं त्याला त्यातच सगळं कळतं. तो पोस्टरच्या मध्यावर, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीला घे. पद्धतीला चार ओळी. प्रस्तावनेच्या जागी वाफ्यात साचलेल्या पाण्याचा फोटो लाव, पेरणीआधीचा, असेलच. रब्बी ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. सप्टेंबरचं पाणी वाहून गेलं की नंतर हातात काही राहत नाही. ते तो फोटो एका नजरेत सांगतो.

गडद पार्श्वभूमी नको. त्यावर बारीक अक्षर छापताना भरून येतं.

कोरडवाहू_एमएस्सी:
फोटो आहे ताई, मोबाईलमध्ये. अक्षर किती ठेवू? स्क्रीनवर तर सगळं छान दिसतंय.

मोहोळची_ताई:
स्क्रीनवर भरवसा ठेवू नकोस. तेच पोस्टर ए-फोरवर छाप. ए-झिरो त्याच्या बरोब्बर चौपट लांब-रुंद असतं. कागद ४० सेंमीवर धरून वाचता आला, तर मोठं पोस्टर दीड मीटरवरून वाचता येईल. २४ पॉइंटचं अक्षर त्या कागदावर ६ पॉइंटचं होतं, तिथं डोळे बारीक करावे लागले तर मोठं कर. मी मजकूर ३२ च्या खाली नेत नाही.

डाळिंब_बागेतला:
माझं पोस्टर तेल्यावर होतं. फळावरचा डाग आणि त्यातली भेग हाच खरा पुरावा, पण फोटो मित्राकडून व्हॉट्सॲपवर मागवले होते. छापून आल्यावर डाग नुसता काळा ठिपका! दिवसभर तोंडानं सांगत बसलो. मूळ फोटोच घे, पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. आणि दुकानात पीडीएफच दे, नाहीतर त्यांच्या मशिनवर आपली जोडाक्षरं फुटतात.

मंगळवेढ्याचा_शेतकरी:
आमच्याबी रानात वाफे पाडायचेत. मोठा पाऊस झाला आन् वाफ्यात पाणी साचून पेर लांबली तर काय करायचं? आन् कडबा किती निघाला ते सांगा की. धान्याचंच बोलताय नुसतं.

मोहोळची_ताई:
काका, पोस्टरचा धागा आहे हा, पण तुम्ही अगदी योग्य विचारलंत. कोरडवाहू_एमएस्सी, हेच दोन प्रश्न तुला तिथं येणार. कडब्याचं वजन घेतलंयस ना?

कोरडवाहू_एमएस्सी:
घेतलंय. तक्त्याच्या नवव्या रकान्यात होतं.

मोहोळची_ताई:
मग तो आकडा आलेखाखाली ठळक घे, त्याचीही सीडी बघून. इथं जनावरं कडब्यावर जगतात, शेतकरी धान्याइतकंच ते मोजतो. पेर लांबण्याबद्दल मात्र तुझ्या प्रयोगात मोजमाप नाही. तेव्हा सरळ सांग, 'आमच्या हंगामात तसा पाऊस झाला नाही, म्हणून यावर आमच्याकडे आकडा नाही'. तिसरा प्रश्न येईल: एकाच हंगामावरून शिफारस करता का? त्याला 'नाही' म्हण. एक हंगाम, एक जागा, असं पोस्टरवरच लिहून टाक. मग तो प्रश्न अडवायला नाही, तर बोलायला येतो.

छपाईवाला_दादा:
सर्वोत्तमचं माझं चुकलं. पण फ्लेक्सच घे, कागद घडी पडला की संपला.

मोहोळची_ताई:
फ्लेक्सवर उजेड चमकतो, बाजूनं वाचता येत नाही. मी मॅट कागद नळीत घालून नेते.

कोरडवाहू_एमएस्सी:
कडब्यातही तोच क्रम निघाला, वाफे आणि सरी-वरंबा ॲट पार. ए-फोर छापून भिंतीला लावलाय. आलेख वाचता येतो, पण फोटोखालची ओळ नाही, ती मोठी करतोय. फ्लेक्स की कागद ते दुकानात दोन्हींचे तुकडे बघून ठरवतो. अजून एक, परिषदेत मराठी-इंग्रजी दोन्ही चालतं. मराठीत ठेवू का?

डाळिंब_बागेतला:
परीक्षक बाहेरचे असतील तर इंग्रजी.

मंगळवेढ्याचा_शेतकरी:
मराठीत ठेवा. मी येतोय बघायला.