प्रतिसाद: आडवा फोटो आणि आरशातली प्रतिमा

> 'खानापूरच्या वर्गाच्या गटावर प्रश्नांचे फोटो आडवे येतात. मुलीची आरशातल्या प्रतिमेची उत्तरं चुकतात. काय करावं?'

आकृतीकडे नंतर बघा, आधी छापील ओळ शोधा. मराठी पेपर असेल तर शिरोरेषा वर हवी. कन्नड असेल तर अक्षरांच्या डोक्यावरची खूण, म्हणजे तलकट्टू. शिरोरेषा उजव्या कडेला उभी दिसली, तर फोटो घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरलाय. गॅलरीत तो डावीकडे एकदा फिरवा.

समजा, मूळ प्रश्नात त्रिकोणाचं टोक उजवीकडे आहे आणि आरसा उभा. उत्तर, टोक डावीकडे. आडव्या फोटोत तेच टोक खाली दिसतं. मूल मनात उभाच आरसा धरतं, डावं-उजवं बदलतं, टोक खालीच राहतं आणि मूळ आकृतीसारखाच पर्याय निवडला जातो. मुलीचं बहुधा इथेच चुकत असावं.

पर्यायांची जागाही बदलते. वर अ, ब आणि खाली क, ड असेल, तर त्या फोटोत वर क, अ आणि खाली ड, ब येतं. म्हणून 'वरचा पहिला' म्हणू नका, शेजारचं अक्षर वाचायला लावा.

तिरक्या कोनातून काढलेल्या फोटोत चौरस समलंबासारखा दिसतो. तो फिरवून सुटत नाही; कागदाचे चारही कोपरे धरून स्कॅन करायला सांगा.