पहिल्या भेटीत धारवाडी कन्नड: बी विंगचा ग्रुप

ओंकार, बी ५०३: कुलकर्णी काकू, तुमचं माहेर धारवाडचं ना? रविवारी मी पहिल्यांदा श्रुतीच्या आईबाबांना भेटायला धारवाडला जातोय. चार वाक्यं कन्नडमधून बोलायचीत. व्हिडिओ बघून 'ऊटा तुंबा चेन्नागिदे' पाठ केलंय, म्हणजे जेवण फार छान आहे. बरोबर आहे ना?

कुलकर्णी काकू, बी २०१: बरोबर आहे रे, पण ते बंगळुरूकडचं. धारवाडच्या घरात म्हण, 'अडिगी भाळ चलो आगेद री'. अडिगी म्हणजे स्वयंपाक, भाळ म्हणजे फार, चलो म्हणजे चांगला. 'चलो'तला च चहातला, चमच्यातला नव्हे. आणि बसल्या बसल्या म्हणू नकोस, दोन घास खाऊन म्हण. भरल्या वांग्याची भाजी, म्हणजे एण्णगायी, वाढली तर तिचंच नाव घे: 'एण्णगायी भाळ चलो आगेद री'. नुसतं जेवण छान म्हणण्यापेक्षा हे आईला जास्त भावतं, कारण खरा वेळ त्या वांग्यांतच गेलेला असतो.

ओंकार: शेवटचा 'री' हवाच का?

कुलकर्णी काकू: तोच तर सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या 'अहो'चं काम तिकडे 'री' करतो. दारात हात जोडून 'नमस्कार री', मग 'हेंग अदीरी?', कसे आहात. 'हेंग अदी?' म्हटलंस तर 'कसा आहेस' होतं. आमचे हे पहिल्यांदा आले तेव्हा पानं वाढल्यावर माझ्या अप्पांना उत्साहाने म्हणाले, 'ऊटक्क बा!' म्हणजे जेवायला ये. म्हणायचं होतं 'ऊटक्क बर्री'. अप्पा क्षणभर गप्पच झाले. अव्वा हसली म्हणून निभावलं.

पाटील वहिनी, बी ४०२: आणि वाढतच राहिले तर? तिकडे आग्रह फार असतो.

कुलकर्णी काकू: 'साकु री', म्हणजे पुरे. 'बेड' म्हणजे नको, पण ते नुसतं म्हटलं की तुटक वाटतं. साकु म्हणताना हात पानावर आडवा धर, नाहीतर आणखी एक भाकरी पडेलच.

ओंकार: आणि त्यांनी भराभर कन्नडमध्ये विचारलं तर?

कुलकर्णी काकू: 'नंग कन्नड स्वल्प बर्तद री', मला थोडंसंच येतं. मग मराठीत बोल. धारवाडात बऱ्याच जणांना मराठी समजतं. पाठ केलेलं घडाघडा म्हणू नकोस, एकेक वाक्य त्या त्या वेळी येऊ दे.

शेवाळे काका, बी १०४: द्राक्षांची पेटी न्यायला विसरू नकोस, नाशिकहून चाललायस.

कुलकर्णी काकू: आणि निघताना 'होगतीनि' म्हणू नकोस, ते नुसतं 'जातो' झालं. आपण 'येतो' म्हणतो ना, तसं 'होगि बर्तीन री', जाऊन येतो.

ओंकार: होगि बर्तीन री. संध्याकाळी खाली येतो काकू, 'बर्तीन' एकदा ऐकून घ्या.

कुलकर्णी काकू: सहानंतर ये. आणि दारात आल्यावर आधी नमस्कार री!