सलग सात हारलो. फोन ठेवायचा, का खेळत राहायचं?

नांदेडचा_नऊ_नंबर
ई-फुटबॉल खेळायलोय दोन वर्षांपासून, फोनवरच. डिव्हिजन ४ मध्ये आहे, ३ ला जायला थोडंच उरलं होतं. परवा रात्री सलग ७ हारलो. एक गोल बसला की डोकं फिरतं, मग दुसरा-तिसरा लगेच बसतो. शेवटच्या मॅचनंतर फोन गादीवर आपटला. मित्र म्हणतो, दोन हारलं की बंद करायचं. मला ते भित्रेपणाचं वाटतं. तुम्ही काय करता?

उदगीर_एक्सप्रेस
तुझं बरोबर आहे, थांबू नको. मी डिव्हिजन १ पर्यंत गेलो ते असंच. हारल्यावर फोन ठेवला की दुसऱ्या दिवशी उघडतानाच पोटात गोळा येतो. पहिल्याच मॅचला माणूस बिचकत खेळतो आणि परत हारतो. त्यापेक्षा लगेच पुढची लाव. आणि हारत गेलास की रेटिंग खाली येतं, समोर सोपे लोक येतात, आपोआप जिंकायला लागतोस.

मोंढा_नाका
भाऊ, तू खेळाला दोष दे, स्वतःला नको. हे सगळं आधीच ठरलेलं असतं. सलग पाच-सहा जिंकलं की गेम तुला पाडतोच. माझा गोलकीपर हातातला बॉल सोडतो, बचावपटू उभे राहून बघतात. समोरच्याचा पोस्टला लागून आत, माझा पोस्टला लागून बाहेर. सात वेळा ओळीनं हे योगायोगानं होत नसतं.

जुना_वाचक_बीड
पोरांनो, पैशाचे खेळ आता कायद्यानं बंद झालेत, २०२५ च्या ऑगस्टमध्येच कायदा आला. सात वेळा हरलास म्हणजे किती गेले तुझे? घरी सांगितलंस का? आणखी हरायच्या आत थांब. माझ्या भाच्याचं असंच झालं होतं, म्हणून कळकळीनं लिहितोय.

नांदेडचा_नऊ_नंबर
काका, पैसे नाही लावत. साधा गेम आहे, नुसती रँक जाते. पण विचारलंत त्याबद्दल बरं वाटलं.

गोदाकाठ_गोलरक्षक
मी परभणीचा. आधी मोंढा नाकाचं घेतो, कारण सातच्या आकड्यावरच सगळं अडलंय.

समज, तू निम्म्या मॅच जिंकणारा आणि निम्म्या हारणारा खेळाडू आहेस. डिव्हिजनच्या पद्धतीत तोलामोलाचेच लोक समोर येतात, त्यामुळे बहुतेक जण निम्म्याच्या आसपासच घुटमळतात. अशा माणसानं १०० मॅच खेळल्या तर त्यात कुठेतरी सलग ५ हारी येण्याची शक्यता ८१ टक्के आहे. सलग ७ येण्याची जवळपास ३२ टक्के. म्हणजे तुझ्यासारखे तीन जण शंभर-शंभर मॅच खेळले, तर त्यातल्या एकाला सलग सातचा फटका बसणार. गेमनं काही केलं नाही तरी बसणार. नाणं उडवून बघ, तिथंही असंच दिसतं.

पण या हिशेबात एक अट आहे. प्रत्येक मॅच सारख्याच डोक्यानं खेळलेली असली पाहिजे. नांदेडच्या भावानं स्वतःच लिहिलंय की एक गोल बसला की लगेच दुसरा-तिसरा बसतो. ते जर खरं असेल, तर त्याच्या सातमधल्या काही हारी नाण्याच्या आहेत आणि काही त्याच्या स्वतःच्या बोटांच्या. थांबायचं का नाही, हे त्या दुसऱ्या किती आहेत त्यावर ठरतं. 'दोन हारलं की बंद' हा नियम दोन्हींना एकच औषध देतो, म्हणून मला तो पटत नाही. आणि 'कधीच थांबू नको' हाही तसाच.

मोंढा_नाका
टक्केवारी ठीक आहे, पण कंपन्या असं करतात हे सिद्ध झालंय. त्या दुसऱ्या फुटबॉल गेमवाल्यांवर अमेरिकेत केस झाली होती.

गोदाकाठ_गोलरक्षक
केस झाली होती, सिद्ध काही झालं नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात फिफा गेमवाल्या ईए कंपनीवर दावा लावला होता, की खेळताना अवघडपणा गुपचूप बदलतात. पेटंट त्यांच्या नावावर होतं हे खरं. फिफामध्ये ते वापरत नाही, असं कंपनीनं सांगितलं, तांत्रिक माहिती दावेदारांना दाखवली आणि २०२१ मध्ये दावेदारांनीच दावा मागे घेतला. तुझा-माझा गेम कोनामीचा आहे, त्याचा या दाव्याशी संबंधच नव्हता. त्यामुळे यावरून मी होही म्हणणार नाही आणि नाहीही. पण गोलकीपरच्या हातून बॉल सुटला, तर त्याच्या आधीचे दहा सेकंद बघ. फटका मारणारा एवढा मोकळा का होता?

मोंढा_नाका
बघितलंय मी. दरवेळी नसतो तो मोकळा. हे मी नाही सोडणार.

सिडको_वाली
दादा लोक, माझं थोडं वेगळं आहे. मी संभाजीनगरला होस्टेलवर, मैत्रिणीच्या प्लेस्टेशनवर एफसी २५ खेळायचे. त्यात वीकेंड लीगच्या १५ मॅच, शुक्रवार ते सोमवार. बक्षीस किती जिंकलं त्यावर, म्हणून 'थांबते' म्हणायची सोयच नाही, मॅच वाया जातात. सुरुवातीला मी रविवारी रात्री एका बैठकीत दहा-दहा उरकायचे. शेवटच्या चार मी खेळायचे कुठे, अंगठाच खेळायचा. नंतर पाच-पाचच्या तीन बैठका केल्या, तिन्ही सकाळी, मेस उघडायच्या आत. त्या वेळी वायफायवर कुणी नसतं हाही फायदा. संध्याकाळी पूर्ण होस्टेल सिनेमे बघतं, तेव्हा पास दिल्यावर बॉल पायातून निघायला क्षणभर उशीर होतो. मग राग गेमवर काढू का समोरच्यावर, तेच कळत नाही.

आणि एक. गोल बसल्यावर समोरचा मुद्दाम पूर्ण रिप्ले दाखवतो ना, तेव्हा मी कंट्रोलर मांडीवर उलटा ठेवते. हातात असला की बटणं दाबत बसते आणि सेंटर होऊन खेळ परत सुरू होताच तीच घाई पुढे चालू राहते.

उदगीर_एक्सप्रेस
ताई, तुमचं वेळेचं पटलं. पण गोलरक्षक दादा, गोल बसल्यावर आक्रमक खेळलं नाही तर बरोबरी कशी होणार? एक-शून्यनं मागे असताना शांत बसून कसं चालेल?

गोदाकाठ_गोलरक्षक
कितव्या मिनिटाला मागे आहेस त्यावर आहे. ८५ व्या मिनिटाला सगळे पुढे ढकल, मीही ढकलतो. पण विसाव्या मिनिटाला बसलेल्या गोलाची बरोबरी करायला सत्तर मिनिटं असतात. आणि तुझं रेटिंगचं म्हणणं निम्मं खरं आहे. खाली आलं की माणसं सोपी येतात, पण तू स्वतः त्याहून खाली खेळायलास तर त्याचा काय उपयोग?

राग आल्यावर बोटांत नेमकं काय होतं ते सांगतो, कारण मी सहा महिने हेच केलं. सेंटर झाला की पहिलाच बॉल लांब पुढे, थ्रू. तो तिसऱ्या सेकंदाला समोरच्याकडे. मग बॉल परत पाहिजे म्हणून प्रेशरचं बटण दाबून धरायचं आणि जो जवळ आहे तो कर्सरखाली. तो बहुतेक वेळा मधला बचावपटू, सेंटर बॅक. त्याला ओढत अर्ध्या मैदानापर्यंत न्यायचं. मागे बोगदा पडतो. समोरच्याला एक वन-टू लागतो, बास.

नांदेडकर, तू असं कर. फोनचा स्क्रीन रेकॉर्डर लावून चार मॅच खेळ, निकाल काहीही लागो. नंतर फक्त बसलेले गोल बघ. कागदावर दोनच गोष्टी लिही. आधीचा गोल बसून खेळातली किती मिनिटं झाली होती, आणि गोल बसला तेव्हा कर्सर कोणावर होता, म्हणजे तू कोणता खेळाडू चालवत होतास. मग इथं लिही, अंदाजावर भांडण्यापेक्षा.

नांदेडचा_नऊ_नंबर
चार दिवसांनी लिहितोय. चारपैकी एक जिंकलो, तीन हारलो. एकूण ११ गोल बसले. त्यातले ६ आधीच्या गोलानंतर दहा मिनिटांच्या आत. खेळातली दहा मिनिटं म्हणजे घड्याळात जेमतेम एक मिनिट. त्या ६ पैकी ५ वेळा कर्सर सेंटर बॅकवर होता आणि तो मधल्या वर्तुळाजवळ पोचला होता. एकदा तर दोन्ही सेंटर बॅक तिथंच. बघताना लाज वाटली. खेळताना मला वाटत होतं मी डिफेन्स करायलोय.

उरलेले ५ साधे होते. दोन कॉर्नरवरून, एक लांबून भारी मारला, दोन मला नीट कळले नाहीत.

गोदाकाठ_गोलरक्षक
म्हणजे ते ५ कुणालाही बसले असते. त्यासाठी फोन ठेवायचं कारण नाही, पुढची लाव. त्या ६ साठी मात्र वेगळं करावं लागेल.

सेंटर झाला की बॉल मागे दे, मग आडवा, मग परत मागे. तीन पास होईपर्यंत पुढे बघायचंच नाही. बॉल गेलाच, तर कर्सर डिफेन्सिव्ह मिडफिल्डरवर आण आणि सेंटर बॅकना गेमच्या भरवशावर सोड, ते आपली रेष धरतात. प्रेशर दाबून धरू नको, मॅच-अप धरून समोर उभा राहा, त्याला बाजूच्या रेषेकडे वळू दे, मग घुस. आणि थांबायचं कधी, तर एका मॅचमध्ये सेंटर बॅक दोनदा वर्तुळाजवळ सापडला की त्या दिवसापुरता फोन चार्जिंगला. जिंकली असली तरी.

उदगीर_एक्सप्रेस
जिंकल्यावरही थांबायचं, हे मला नाही जमणार. चांगला हात लागलाय आणि ठेवायचा?

गोदाकाठ_गोलरक्षक
मलाही दरवेळी जमत नाही. पण चार-तीननं जिंकलेल्या मॅचमध्ये ते तीन कसे बसले ते बघ, मग बोल.

सिडको_वाली
मिडफिल्डरवर कर्सर ठेवायचं आमच्याकडेही तसंच आहे. फक्त कोपऱ्यातून क्रॉस येतो तेव्हा सेंटर बॅक घ्यावाच लागतो, नाहीतर हेडर बसतो. नांदेडवाल्या दादांचे कॉर्नरचे दोन त्यातलेच असतील.

नांदेडचा_नऊ_नंबर
असू शकतं ताई, रेकॉर्डिंग आहे, बघतो. काल तीन पासचं करून पाहिलं. पहिल्या मॅचला गोल बसल्यावर दुसरा पास देतानाच अंगठा थ्रूवर गेला होता, ओढून आणला. १-१ झाली. दुसरी हारलो २-१, पण ते दोन्ही गोल खेळातल्या अर्ध्या तासाच्या अंतरानं. तिसरी लाइट गेल्यामुळे अर्ध्यावर, ती हारच धरली. मोंढा नाका, ती पण गेमनंच पाडली म्हण आता.

मोंढा_नाका
लाइटचं नाही म्हणत भाऊ. पण दुसऱ्या मॅचचं रेकॉर्डिंग टाक इथं. मला त्यातला गोलकीपर बघायचाय.