वडिलांचे शेअर आमच्या नावावर करायला कंपनी तयार नाही – मदत हवी आहे

शिरोलीकर
वडील जानेवारीत गेले. १९९४ साली त्यांनी, धाकट्या काकांनी आणि आतेभावाने मिळून शिरोली एमआयडीसीत फाउंड्री काढली होती, प्रायव्हेट लिमिटेड. शंभर रुपयांचे एकूण १०,००० शेअर. त्यातले वडिलांचे ३,०००, काकांचे ४,५००, उरलेले आतेभावाचे. मृत्युपत्र नाही, नॉमिनीही नाही. मागे आई, मी आणि बहीण.

१२ मे रोजी आम्ही मृत्यूच्या दाखल्यासह लेखी अर्ज दिला, पोच घेतली. ३ जूनला कंपनीचं पत्र हातात पडलं: आर्टिकल्सप्रमाणे, म्हणजे कंपनीच्या नियमावलीप्रमाणे, नाव लावता येणार नाही, शेअर आधी इतर सभासदांना दर्शनी किमतीला द्यावे लागतील. म्हणजे सगळ्याचे तीन लाख! मागच्या ताळेबंदात भांडवल आणि रिझर्व्ह मिळून १ कोटी ८० लाख दिसतात, आणि त्यात प्लॉट अजून जुन्याच भावाने धरलाय. असं जबरदस्तीने विकायला लावता येतं का?

गोट्या७७
आमच्या सोसायटीतही हेच झालं होतं. चेअरमन ट्रान्सफर फी मागत बसला. उपनिबंधकांकडे तक्रार केली, पंधरवड्यात काम झालं. तुम्हीही तेच करा.

शिरोलीकर
दादा, ही सोसायटी नाही, कंपनी आहे. उपनिबंधकांचा इथे संबंध नाही.

बिनधास्त_बाई
कायद्याने वारसांना शेअर मिळतातच, आर्टिकल्समध्ये काहीही लिहिलेलं असो. तहसीलदाराचा वारस दाखला जोडा आणि निर्धास्त राहा.

फायलीतला माणूस
बाई, अर्धं बरोबर आहे. मालकी वारसांकडे येते हे खरं, पण रजिस्टरवर नाव चढणं ही वेगळी गोष्ट आहे. अशा कंपन्यांच्या आर्टिकल्समध्ये बहुधा एक कलम असतं: मयताने हयातीत शेअर दुसऱ्याला दिले असते तर संचालकांना नकाराचा जो हक्क होता, तोच वारसाच्या बाबतीतही राहील. १९५६ च्या कंपनी कायद्यातल्या नमुना आर्टिकल्समध्ये, म्हणजे ‘तक्ता अ’मध्ये ते होतं, आताच्या ‘तक्ता एफ’मध्येही आहे. त्यामुळे नकार देता येतो.

पण नाव लावायला नकार देणं एक, आणि विकायला लावणं दुसरं. ‘सभासदाला शेअर द्यायचे असल्यास आधी इतरांना विचारावं’ एवढंच लिहिलं असेल तर ते विक्रीपुरतं आहे असं तुम्हाला जोरात मांडता येतं. तुम्ही कुठे विकताय? उलट ‘सभासदाच्या मृत्यूनंतर वारसांनी शेअर देऊ करावेत’ असं स्पष्ट लिहिलं असेल, तर बाजू अवघड होते, आणि किंमत कशी ठरवायची हेही तिथेच लिहिलेलं असतं. दर्शनी किंमत तिथे खरंच आहे का, की काकांनी पत्रात घातली? कंपनी मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर थोडी फी भरून आर्टिकल्सची प्रत मिळते. दुरुस्त्याही बघा, हे कलम अलीकडे घुसवलेलं नाही ना.

आता तारीख. आताच्या कंपनी कायद्याच्या कलम ५८ प्रमाणे नकाराची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत एनसीएलटीकडे, म्हणजे कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अपील करावं लागतं, तुमच्यासाठी मुंबई खंडपीठ. पत्रात ‘नकार’ शब्द आहे की नाही यावर वाद घालत बसू नका, ३ जूनपासूनच दिवस मोजा. (कंपनीने उत्तरच दिलं नसतं तर अर्ज दिल्यापासून ६० दिवस.) काका ‘बसून बोलू’ म्हणत महिना काढतील, हे मी दोनदा पाहिलंय.

तहसीलदाराचा दाखला शेअरसाठी सहसा पुरत नाही, कंपनी दिवाणी न्यायालयाचं सक्सेशन सर्टिफिकेट मागेल. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज लगेच टाका. आणि एक विचारायचं राहिलं. आजी आहेत का? वडिलांच्या आई?

शिरोलीकर
आहेत. काकांकडेच असतात. का?

फायलीतला माणूस
हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी आणि मुलांबरोबर त्याच्या आईलाही सारखाच वाटा असतो. शेअर वडिलांनी स्वतःच्या पैशातून घेतले असतील तर चार वाटे, प्रत्येकी ७५०. आजींनी आपले काकांना दिले तर काकांचे होतात ५,२५०, म्हणजे निम्म्याहून जास्त. आज त्यांच्याकडे निम्मे नाहीत, हे लक्षात घ्या.

शिरोलीकर
बापरे. आम्ही अर्जात तीनच वारस लिहिलेत.

बिनधास्त_बाई
मग आजींकडून हक्कसोड लिहून घ्या.

फायलीतला माणूस
काकांच्या घरी जाऊन? प्रयत्न करा. पण अर्जात त्यांचं नाव घालून दुरुस्तीचं पत्र आधी पाठवा, नाहीतर एनसीएलटीत कंपनीचा वकील पहिला मुद्दा हाच काढेल आणि वारसांचा वाद दिवाणी कोर्टात न्या म्हणेल. नवं पत्र दिलं की मुदत नव्याने सुरू होते, असं मात्र धरून चालू नका.

शिरोलीकर
आर्टिकल्स काढली. कलमात ‘सभासदाच्या मृत्यूनंतर’ असे शब्द आहेत. किंमत मात्र ‘कंपनीच्या लेखापरीक्षकाने ठरवलेली योग्य किंमत’. पुस्तकी हिशोबानेच शेअरला १,८०० रुपये होतात. आता लेखापरीक्षक काकांचाच माणूस, त्याने प्लॉट जुन्या भावाने धरला तर?

फायलीतला माणूस
तर भांडण नावापेक्षा किमतीवर आलं. आधी लेखी विचारा की किंमत कोणी, कधी, कशावरून काढली. लेखापरीक्षकाचा कागदच नसेल तर शंभर रुपयांचा आकडा कलमात बसत नाही, आणि हा मुद्दा अपिलात वर ठेवा. पक्षपाती मूल्यांकन उलटवता येतं का, यावर दोन वकिलांची दोन मतं ऐकाल. आर्टिकल्स, पत्र, पोच, ताळेबंद घेऊन कंपनीची प्रकरणं लढवणाऱ्या वकिलाकडे जा, याच आठवड्यात.