पळण्याआधी पोटऱ्या ताणायच्या का?

> सकाळी अंबाझरीला पळायच्या आधी पोटरीचं स्ट्रेचिंग आणि रोलर मिळून वीस मिनिटं जातात, तरी पोटरी आखडतेच. अजून वाढवू का?

वाढवू नका भाऊ, उलट कमी करा. एकाच जागी थांबून पोटरी एक मिनिटापेक्षा जास्त ताणली की स्नायूचा जोर थोडा वेळ किंचित कमी होतो, आणि त्यानं दुखापत टळते किंवा दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं थांबतं असं अभ्यासांत काही दिसत नाही. रोलरनं मोकळं वाटतं, पण तो परिणाम थोड्याच वेळात उतरतो, आवडत असेल तर मिनिटभर फिरवा, नाहीतर सोडा.

माझं पण असंच होतं, मग भिंतीसमोर पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून बघितला, दोन्ही पाय सारखेच निघाले, म्हणजे घोटा आखडलेला नव्हताच. पण एका पायावर टाच उचलायला गेलो तर उजवा पंचवीस वेळा आणि डावा चौदातच थरथरायला लागला. पोटरी कमजोर होती, म्हणून आखडल्यासारखी वाटायची. आठवड्यातून तीनदा पायरीच्या कडेवर हळूहळू टाचा वर-खाली केल्या, दोनेक महिन्यांत फरक पडला. आता आधी फक्त आठ मिनिटं हळू पळतो आणि पाय झुलवतो. मात्र एकाच जागी टोचल्यासारखं दुखत असेल नाहीतर पोटरी सुजली असेल तर आधी डॉक्टरला दाखवा.