अनुभव धागा: वापरलेलं घड्याळ स्वतः विकताना – भाव, फोटो आणि 'जास्त पैसे आले' म्हणणारे

मीनल_ठाणे (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात मी माझं सेइको ५ विकलं. काळी डायल, ३७ मिमी, कापडी पट्टा, मागे काचेचं झाकण. २०१७ साली ८,२०० रुपयांना घेतलं होतं. घड्याळ साधंच, पण व्यवहारात इतक्या गोष्टी समोर आल्या की ज्यांनी दुकानात न देता थेट माणसाला घड्याळ विकलं आहे, त्यांचे अनुभव एका जागी असावेत असं वाटलं. सुरुवात माझ्यापासून करते.

आधी भाव. जाहिरातींत याच मॉडेलला नऊ-दहा हजार मागत होते, म्हणून मीही सात सांगायच्या विचारात होते. मग लक्षात आलं, त्यातल्या दोन जाहिराती मी चार महिन्यांपूर्वीही पाहिल्या होत्या. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव वेगळा. घड्याळांच्या एका ग्रुपवर मी फक्त एवढंच विचारलं, "तुमचं प्रत्यक्ष कितीला गेलं?" तीन उत्तरं आली: ५,५००, ६,००० आणि ६,४००. तिन्ही घड्याळं सर्व्हिस केलेली. माझं घेतल्यापासून उघडलंच नव्हतं आणि घड्याळजींनी सर्व्हिसचे १,५०० सांगितले. मधला ६,००० धरला, त्यातून १,५०० वजा केले. ४,८०० लावले, ४,५०० ला दिलं.

घड्याळ किती पुढे-मागे जातं, हेही लिहून दिलं. या मशीनमध्ये चावी बाहेर ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, त्यामुळे सेकंदाला सेकंद लावता येत नाही. मी सेकंद दाखवणाऱ्या मोबाइलच्या घड्याळाशेजारी ते ठेवलं आणि रात्री नऊला फोटो काढला, तसाच दुसऱ्या रात्री आणि तिसऱ्या रात्री. दिवसभर हातात घालत होते. रोज साधारण २२ सेकंद पुढे जात होतं. तिन्ही फोटो जाहिरातीत टाकले. घेणाऱ्याने त्यावर एकही प्रश्न विचारला नाही.

तुमचं कसं झालं? फसला असाल तर तेही लिहा, लाजू नका.

चावीवाला

माझे वडील दादरला चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत. दुकान आता नाही, पण भिंग अजून खिशात असतं.

मीनलताई, तुम्ही सर्व्हिस न करता विकलंत ते बरोबर केलंत. विकणाऱ्याने केलेल्या सर्व्हिसवर घेणाऱ्याचा विश्वास नसतो, तो आपल्या घड्याळजीकडे पुन्हा उघडतोच. तुमचे १,५०० भावात परत येत नाहीत.

तुमच्या घड्याळाची अजून एक गोष्ट जाहिरातीत लिहायला हवी होती. या ७एस२६ मशीनला हाताने चावी देताच येत नाही, ते मनगटाच्या हालचालीवर चालतं. ज्याला हे माहीत नाही तो चावी फिरवतो, काही लागत नाही, आणि 'चावी खराब आहे' म्हणून हजार रुपये पाडतो. माझ्यासमोर असं झालं आहे आणि विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं, त्याने पाडलेसुद्धा!

फोटोबद्दल. सगळे मागच्या झाकणावरच्या नंबरचा फोटो काढतात आणि निर्धास्त होतात. पण झाकण दोन मिनिटांत बदलता येतं. पार्सल मिळाल्यावर कोणी मशीन किंवा डायल बदलून 'बंद घड्याळ पाठवलंत' म्हणून परत केलं, तर झाकणावरचा नंबर तोच राहील. म्हणून तुमच्याच घड्याळात असलेली खूण शोधा. डायलवरचा बारीक ठिपका, काट्याच्या बुडाशी उडालेला रंग, काचेच्या कडेचा टवका. खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, घड्याळ थोडं तिरकं धरून फोटो काढा. समोरून काढलेल्या फोटोत काचेवरचे ओरखडे दिसत नाहीत. शेजारी तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

आडवळणाचा_गडी

माझा अनुभव अशाच पुराव्याचा. नाशिकच्या एकाला टायटन पाठवलं. चार दिवसांनी त्याचा फोन, 'काच तडकलेली आहे, निम्मे पैसे परत करा.' मी डबा बंद करेपर्यंतचा एकसलग व्हिडिओ काढला होता. त्यात घड्याळ चालू दिसतं, काच फिरवून दाखवली आहे, मग कापूस, डबा, चिकटपट्टी आणि वर लावलेली पावती, मध्ये कुठेही तोड नाही. तो पाठवला. नंतर फोन आला नाही. तडा वाटेत गेला की त्याच्या हातून, हे मला आजही माहीत नाही. त्याचं खरंच नुकसान झालं असेल तर वाईट वाटतं.

पेठेतली_सून

ताई, माझ्याकडे आजेसासऱ्यांचं भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ आहे, टोले पडतात पण वेळ चुकते. त्याला किती येतील? की दुरुस्त करूनच विकावं?

चावीवाला

पेठेतली_सून, ते वेगळं जग आहे. आधी ते भिंतीवर अगदी उभ्या रेषेत टांगलंय का बघा, तिरकं असलं तर टिकटिक लंगडी ऐकू येते. मागे जात असेल तर लंबकाचा गोळा थोडा वर घ्या. विकायचं नंतर ठरवा.

रत्नागिरी_टू_दुबई

एचएमटीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बंगळूरला १९६१ साली सिटिझनच्या सहकार्याने सुरू झालेला कारखाना, २०१६ मध्ये सरकारने बंद करायचं ठरवलं आणि तेव्हापासून प्रत्येकाला आपल्या वडिलांचं एचएमटी जनता घड्याळ सोन्याचं वाटतं. मीही त्यातलाच. सुट्टीत घरी आलो तेव्हा बाबांचं एचएमटी पायलट घड्याळ विकायला काढलं. 'ओरिजिनल' असं मनापासून लिहिलं. भेटायला आलेल्या मुलाने भिंगातून बघून मला दाखवलं: अक्षरांच्या कडा फुगलेल्या, मिनिटांच्या दोन रेषा वाकड्या, काट्यांवरचा चमकणारा रंग पिवळा पडलेला आणि डायलवरचे ठिपके हिरवेगार. डायल पुन्हा रंगवलेली होती. बाबांनी कधीतरी दुरुस्तीला दिलं असणार, त्यांनाही सांगितलं गेलं नसेल.

जाहिरात त्याच दिवशी बदलली. भाव निम्म्यावर आला. मग विकलंच नाही, माझ्या हातात आहे.

हिशोबी_माणूस

तुम्ही सगळे उगाच घाबरवताय. यूपीआयवर अनोळखी माणसाने पैशांची रिक्वेस्ट पाठवायची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. पूर्वी 'पैसे घ्यायला पिन टाका' म्हणून जी फसवणूक व्हायची, ती संपली. आता पैसे आले की आले.

सांगलीकर_वैशाली

हिशोबी_माणूस, रिक्वेस्टचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण फक्त व्यक्तीकडून व्यक्तीला. दुकानदाराच्या नावाने रिक्वेस्ट त्यानंतरही येत होती आणि क्यूआर पाठवून 'हा स्कॅन करा, पैसे जमा होतील' सांगणारे तर आहेतच. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच. आणि 'आले की आले' हे तुमचं वाक्य मला महागात पडलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या भावाचं घड्याळ, ठरलेली किंमत ६,८००. घेणारा म्हणाला, मी लष्करात आहे, बदलीच्या गडबडीत आहे, मित्र येऊन घेऊन जाईल. ओळखपत्राचा फोटो न मागता पाठवला. पहिल्यांदा मेसेज आला की खात्यात १६,८०० जमा. लगेच फोन: 'ताई, एक आकडा जास्त दाबला गेला, १०,००० परत करा, आई दवाखान्यात आहे.' मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून होता. बँकेचा मेसेज तसा येत नाही. बँकेचं ॲप उघडलं तर काहीच नव्हतं. मी तसं सांगितलं. मला वाटलं, सुटले.

अर्ध्या तासाने खरोखरच १६,८०० जमा झाले. ॲपमध्ये दिसले, बारा आकडी नंबरासकट. मग मला स्वतःचीच लाज वाटली, बिचाऱ्यावर संशय घेतला म्हणून. त्याने परतीसाठी दुसराच यूपीआय दिला, 'हा माझ्या भावाचा.' मी १०,००० पाठवले. मित्र येऊन घड्याळ घेऊन गेला.

अकराव्या दिवशी माझ्या खात्यातले १६,८०० अडकवले गेले. ते पैसे दुसऱ्या राज्यातल्या एका बाईंचे होते. त्यांना कोणीतरी फसवून माझ्या खात्यात पाठवायला लावले होते आणि त्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली होती. म्हणजे त्याने त्या बाईंच्या पैशांनी माझं घड्याळ घेतलं आणि वरचे १०,००० माझ्या हाताने धुऊन नेले. आमचं नुकसान १०,००० आणि घड्याळ. पोलिसांच्या नजरेत पैसे घेणारी मी होते. गप्पांचे स्क्रीनशॉट आणि घड्याळाचे फोटो दिले तेव्हा कुठे माझं फिर्यादी म्हणून ऐकून घेतलं. cybercrime.gov.in वर माझी तक्रारही नोंदवली आहे. पैसे अजून अडकलेलेच आहेत.

एक खूण तेव्हाच समोर होती. माझ्याशी बोलणाऱ्याचं नाव एक, पैसे आलेल्या खात्याचं नाव एका बाईचं आणि परत मागितलेलं खातं तिसऱ्याचं.

हिशोबी_माणूस

हे मला खरंच माहीत नव्हतं. मग जास्तीचे पैसे आले तर करायचं काय? ठेवून घ्यायचे?

सांगलीकर_वैशाली

ठेवायचे नाहीत आणि स्वतः पाठवायचेही नाहीत. बँकेत लेखी द्यायचं की ही रक्कम माझी नाही, आली त्याच खात्यात परत करा. घेणाऱ्याला सांगायचं, तूही तुझ्या बँकेत कळव. खरा माणूस दोन दिवस थांबतो. तोवर घड्याळ द्यायचं नाही. मला शाखेतल्या मॅडमनी हे सगळं नंतर सांगितलं.

आडवळणाचा_गडी

पण बँक लेखी अर्ज घेते का? माझ्या शाखेत 'तुमचं तुम्ही बघा' म्हणाले होते.

सांगलीकर_वैशाली

पोचपावतीचा शिक्का मागा. नाही दिला तर तोच मजकूर ईमेलने पाठवा, तारीख तरी राहते.

मीनल_ठाणे

वैशाली, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी व्यवहार घड्याळजींच्या दुकानात केला, म्हणून बरीच वाचले. त्यांनी आधी घड्याळ दाखवलं, मग घेणाऱ्या मुलाने माझ्यासमोर पैसे पाठवले, मी बँकेच्या ॲपमध्ये पाहिलं, नाव त्याच्या आधारवरच्या नावाशी जुळलं, मग हातात दिलं. साध्या कागदावर मॉडेल, झाकणावरचा नंबर, ४,५०० रुपये, तारीख, 'सर्व्हिस केलेली नाही, रोज २२ सेकंद पुढे' असं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या.

एका गोष्टीवर मात्र माझं मत पक्कं होत नाहीये. जाहिरातीत नंबर पूर्ण दाखवावा का? मी शेवटचे दोन आकडे बोटाने झाकले होते.

चावीवाला

झाका. तुमचा फोटो उचलून दुसरा कोणी तेच घड्याळ 'विकू' शकतो.

रत्नागिरी_टू_दुबई

मी उलट म्हणेन. पूर्ण नंबर दिसला तर घेणारा वर्ष-महिना ताडून बघू शकतो. सेइकोत पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरा महिना. झाकलेला नंबर दिसला की मी तरी पुढे जातो.

मीनल_ठाणे

मग पहिले दोन उघडे, शेवटचे झाकलेले. दोघांचंही काम होतंय. माझं अजून एक टायटन शनिवारी त्याच दुकानात दाखवायचं आहे, त्या फोटोंत असंच करून बघते.